घातश्रेढीचे पदशः अवकलन व समाकलन : काठाच्या प्रश्नाचा इतिहास

प्रस्तावना

याकोब बर्नुली यांनी १६८९ मध्ये अनंत श्रेढींवरील आपल्या प्रबंधात पुढील दोन बेरजा दिल्या.

1²/2 + 2²/4 + 3²/8 + 4²/16 + … = 6
1³/2 + 2³/4 + 3³/8 + 4³/16 + … = 26

या बेरजा काढण्यासाठी बर्नुली यांनी दिलेली श्रेढी फोडून तिच्यातून परिचित भूमिती श्रेढी वेगळ्या केल्या आणि त्यांच्या बेरजा एकत्र केल्या. रीत निर्दोष होती. परंतु घात एकाने वाढला की फोडणी नव्याने करावी लागे. आज पदवीच्या वर्गात हेच उत्तर दोन ओळींत निघते. 1 + x + x² + x³ + … = 1/(1−x) या सूत्राचे दोन्ही बाजूंनी अवकलन करून x ने गुणले की

x + 2x² + 3x³ + … = x/(1−x)²

मिळते. हीच क्रिया पुन्हा केली असता n² सहगुणक असलेल्या श्रेढीची बेरीज x(1+x)/(1−x)³ येते, आणि तिसऱ्यांदा केली असता n³ सहगुणक असलेल्या श्रेढीची x(1+4x+x²)/(1−x)⁴ येते. x = 1/2 ठेवले की अनुक्रमे २, ६ आणि २६ ही उत्तरे मिळतात.

येथे एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. सान्त बेरजेचे अवकलन पदशः करता येते, हे प्राथमिक आहे. अनंत बेरजेचेही तसेच करता येते, हे मात्र सिद्ध करावे लागते. अठराव्या शतकातील गणितींनी ही सिद्धता दिली नाही, म्हणून त्यांचे काम बेफिकिरीचे होते, असा शेरा इतिहासाच्या पुस्तकांतून वारंवार आढळतो. हा शेरा अर्धाच खरा आहे. घातश्रेढीच्या अभिसारण-अंतराच्या आत या बेफिकिरीची किंमत कोणालाच मोजावी लागली नाही. खरा प्रश्न होता तो काठाचा, म्हणजे अंतराच्या टोकावरील बिंदूचा.

आतल्या भागात अडचण का येत नाही

समजा, घातश्रेढी x = r येथे अभिसारी आहे आणि x हा r पेक्षा लहान धन बिंदू आहे. अवकलनामुळे n व्या पदाला n हा जादा गुणक चिकटतो. परंतु (x/r) हे गुणोत्तर १ पेक्षा लहान असल्यामुळे n·(x/r)ⁿ ही राशी n वाढत जाईल तशी शून्याकडे जाते. n ची वाढ संथ असते आणि भूमिती श्रेढीतील घट वेगवान. त्यामुळे हा जादा गुणक सहज गिळला जातो. अवकलन कितीही वेळा केले तरी अभिसारणाची त्रिज्या बदलत नाही. समाकलनात तर n+1 ने भागले जाते, त्यामुळे स्थिती अधिकच सुरक्षित होते. बर्नुली यांच्या श्रेढीत x = 1/2 हा बिंदू काठापासून पुरेसा दूर आहे, म्हणूनच तेथे कोणतीही रीत वापरली तरी उत्तर तेच येते.

काठावर मात्र हा युक्तिवाद कोसळतो. x = r असताना (x/r) हे गुणोत्तर १ होते आणि गिळणारे काहीच उरत नाही.

समाकलन आणि काठ : केरळमधील उदाहरण

ज्येष्ठदेव यांच्या ‘युक्तिभाषा’ या सुमारे १५३० च्या मलयाळम ग्रंथात, माधव यांच्या नावाने ओळखली जाणारी परिघाची श्रेढी उपपत्तीसह आली आहे. तेथे स्पर्शरेषेचे अनेक लहान समान भाग केले जातात, प्रत्येक भागासाठी भागाकाराचा भूमिती श्रेढीसारखा विस्तार केला जातो आणि नंतर घातांच्या बेरजा घेतल्या जातात. आजच्या चिन्हांत सांगायचे तर 1/(1+x²) = 1 − x² + x⁴ − … या श्रेढीचे पदशः समाकलन होते व

arctan x = x − x³/3 + x⁵/5 − …

हे सूत्र मिळते. x = 1 ठेवले की π/4 = 1 − 1/3 + 1/5 − … ही श्रेढी हाती येते. हीच श्रेढी लायब्निट्स यांनी १६८२ मध्ये प्रसिद्ध केली.

x = 1 हा बरोबर काठावरचा बिंदू आहे. मूळ श्रेढी तेथे 1 − 1 + 1 − 1 + … अशी होते आणि तिला बेरीजच नाही. समाकलनाने सहगुणक लहान झाले, म्हणून नवी श्रेढी तेथे कशीबशी अभिसारी झाली. हा ‘कशीबशी’पणा आकड्यांत स्पष्ट दिसतो. पहिली २१ पदे घेऊन π काढला तर चूक सुमारे ०.०४८ राहते, म्हणजे दुसरे दशांश स्थळही हाती लागत नाही. याच परंपरेत दिलेली दुसरी श्रेढी x = 1/√3 या आतल्या बिंदूची आहे:

π = √12 (1 − 1/(3·3) + 1/(5·3²) − 1/(7·3³) + …)

हिचीही २१ पदेच घेतली, तर दशांश चिन्हानंतरची १० स्थळे अचूक येतात. सूत्र एकच, पदसंख्या तीच. फरक केवळ बिंदू काठावर आहे की आत, एवढाच.

केरळच्या गणितींना काठावरील ही संथ गती ठाऊक होती, याचा पुरावा त्यांनी दिलेल्या शेषाच्या संस्कारांत मिळतो. π/4 च्या श्रेढीची n पदे घेऊन थांबल्यावर उरलेल्या भागाबद्दल n/(4n²+1) ही राशी योग्य चिन्हासह मिळवावी, असा एक संस्कार आहे. n = 21 असता त्यामुळे π मधील चूक एक कोटीव्या भागाहूनही कमी होते. श्रेढी तोडल्यावर काय उरते, हा प्रश्न ज्यांनी इतक्या बारकाईने विचारला, त्यांना बेफिकीर म्हणणे कठीण आहे.

अवकलन आणि काठ : ऑयलर यांचा पाव

उलट दिशेने गेल्यास काय होते, ते ऑयलर यांच्या लेखनात दिसते. 1 − x + x² − … = 1/(1+x) याचे अवकलन करून चिन्ह बदलले की

1 − 2x + 3x² − 4x³ + … = 1/(1+x)²

हे सूत्र मिळते. x १ पेक्षा लहान असेपर्यंत ते निःसंशय खरे आहे. ऑयलर यांनी x = 1 ठेवून 1 − 2 + 3 − 4 + … = 1/4 असे लिहिले. या श्रेढीच्या आंशिक बेरजा 1, −1, 2, −2, 3, −3 अशा दूर दूर जातात; त्या पावाजवळ कधीच स्थिरावत नाहीत. येथील दोष ओळखण्याची खूण सोपी आहे: पदे शून्याकडे जात नाहीत. संवृत रूपात x = 1 ठेवता येते, यावरून श्रेढीला तेथे बेरीज आहे असे सिद्ध होत नाही. विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांतही हीच चूक दिसते. ऑयलर यांच्या बाजूने एवढे म्हणता येईल की, ‘बेरीज’ म्हणजे ती श्रेढी ज्या राशीच्या विस्तारातून आली त्या राशीचे मूल्य, अशी त्यांची समजूत होती. ती व्याख्या आजची नव्हे. पण निरर्थकही नव्हे.

आबेल यांची शंका आणि प्रमेय

या व्यवहारावर नेमके बोट ठेवले ते नील्स हेन्रिक आबेल यांनी. जानेवारी १८२६ मध्ये बर्लिनहून आपले शिक्षक होल्मबो यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी तक्रार केली की, अनंत श्रेढींवर सर्व क्रिया त्या सान्त असल्याप्रमाणे केल्या जातात. अनंत श्रेढीचे अवकलन प्रत्येक पदाचे अवकलन करून मिळते, हे सिद्ध झाले आहे कोठे? त्यांनी दिलेले प्रतिउदाहरण असे:

x/2 = sin x − (1/2) sin 2x + (1/3) sin 3x − …

हे −π ते π या अंतराच्या आत खरे आहे. पदशः अवकलन केल्यास डावीकडे १/२ येते, तर उजवीकडे cos x − cos 2x + cos 3x − … ही अपसारी श्रेढी येते. ही घातश्रेढी नाही, हे येथे महत्त्वाचे. तिच्या पदांत भूमिती श्रेढीची घट नसल्यामुळे जादा n गिळला जात नाही. एका अर्थी तिचा प्रत्येक बिंदू काठावरचाच आहे. सान्त टप्प्यांवरून अनंताकडे जाताना संततता टिकेलच असे नाही, हेही आबेल यांनी याच प्रकारच्या श्रेढीवरून दाखवले. संतत फलनांच्या अभिसारी श्रेढीची बेरीज संततच असते, हे कोशी यांचे १८२१ मधील विधान त्यामुळे बाधित झाले.

त्याच वर्षी क्रेले यांच्या नियतकालिकाच्या पहिल्या खंडात द्विपद श्रेढीवरील आबेल यांचा निबंध आला. त्यातील एका प्रमेयाने काठाचा प्रश्न सोडवला: घातश्रेढी काठावरील बिंदूत स्वतः अभिसारी असेल, तर आतून त्या बिंदूकडे जाताना तिच्या बेरजेची सीमा ही काठावरील बेरजेइतकीच असते.

कारण आजच्या रीतीने थोडक्यात सांगता येते. पहिल्या n+1 पदांच्या सहगुणकांची आंशिक बेरीज Sₙ असेल, तर

a₀ + a₁x + a₂x² + … = (1−x)(S₀ + S₁x + S₂x² + …)

असे लिहिता येते. (1−x), (1−x)x, (1−x)x², … या राशींची बेरीज १ होते. म्हणून उजवी बाजू ही आंशिक बेरजांची भारित सरासरी ठरते. x जसजसा १ जवळ येतो, तसतसे हे भार दूरच्या आंशिक बेरजांकडे सरकतात. त्या दूरच्या बेरजा S पाशी स्थिरावलेल्या असतील, तर सरासरीलाही S कडेच जावे लागते.

याच चित्रातून ऑयलर यांचा पावही उलगडतो. तेथे आंशिक बेरजा स्थिरावत नाहीत, पण त्यांच्या भारित सरासरीला सीमा आहे आणि ती १/४ आहे. आबेल यांचे प्रमेय काठावरील अभिसारण आधी मागते, ते याचसाठी. π/4 च्या बाबतीत ही अट पूर्ण होते: पदांची चिन्हे आलटून पालटून येतात, पदे घटत जाऊन शून्याकडे जातात, म्हणून श्रेढी अभिसारी आहे; आणि arctan x हे फलन x = 1 येथे संतत आहे. तेवढ्याने सूत्र पक्के होते. वस्तुतः या विशिष्ट उदाहरणात प्रमेयाशिवायही भागते. भूमिती श्रेढीची n पदे घेऊन उरलेला शेष x²ⁿ/(1+x²) असा उघड लिहिता येतो आणि ० ते १ पर्यंत त्याचे समाकलन 1/(2n+1) पेक्षा मोठे होत नाही. प्रमेयाची खरी गरज भासते ती द्विपद श्रेढीसारख्या ठिकाणी, जेथे शेषाचे असे सोपे रूप हाती नसते.

उलट प्रमेय खरे नाही, हे पावाच्या उदाहरणावरूनच कळते. आतून येणारी सीमा अस्तित्वात असेल, तर आणखी कोणती अट घातली म्हणजे काठावर अभिसारण मिळेल? १८९७ मध्ये टाउबर यांनी n·aₙ शून्याकडे जावे ही अट पुरेशी असल्याचे दाखवले. १९११ मध्ये लिटलवुड यांनी ती सैल करून n·aₙ केवळ मर्यादित असणे पुरते, हे सिद्ध केले. π/4 च्या श्रेढीचे सहगुणक या दुसऱ्या अटीत बसतात, पहिल्या अटीत बसत नाहीत.