स्लेजिंग

फलंदाजाचे चित्त विचलित करण्यासाठी क्षेत्ररक्षकांनी मारलेले शाब्दिक टोमणे. फटक्याच्या निवडीवरचा चिमटा पंच बहुधा कानाआड करतात. शिवी, वंश वा कुटुंब यांवर बोलणे आले की आधी कर्णधाराला बोलावून समज देतात, कारण खेळाडूंच्या वर्तनाची जबाबदारी नियमाने त्याची असते. तरीही कृती शब्दांपेक्षा जड मोजली जाते. २००८च्या दिल्ली कसोटीत, फिरोजशाह कोटलावर, धाव घेताना गौतम गंभीरचे कोपर शेन वॉटसनला लागले. सामनाधिकारी ख्रिस ब्रॉड यांनी गंभीरवर एका कसोटीची बंदी घातली. डिवचणाऱ्या वॉटसनला मानधनाच्या १० टक्के दंडच झाला. हा पक्षपात, असा आक्षेप घेता येतो. पण धक्का कॅमेऱ्यात दिसतो, कुजबुज मात्र बहुधा ऐकणाऱ्याच्या साक्षीवरच उरते.