निर्देशांकातील घटक कंपन्या बदलतात तेव्हा : देखरेखीच्या आज्ञावलीतील नोंदींची पद्धत

चेन्नईतील नुंगंबाक्कम भागात नोंदणीकृत कार्यालय असलेल्या टीव्हीएस मोटर कंपनीचा 29 सप्टेंबर 2023 रोजी निफ्टी नेक्स्ट 50 या निर्देशांकात समावेश झाला. पंजाब नॅशनल बँक, ट्रेंट, झायडस लाईफसायन्सेस आणि चेन्नईचीच श्रीराम फायनान्स या कंपन्याही त्याच दिवशी निर्देशांकात आल्या. एसीसी, नायका चालवणारी एफएसएन ई-कॉमर्स, एचडीएफसी अ‍ॅसेट मॅनेजमेंट, इंडस टॉवर्स आणि पेज इंडस्ट्रीज या पाच कंपन्या बाहेर पडल्या. निर्देशांकातील कंपन्यांची संख्या आदल्या दिवशी पन्नास होती, त्या दिवशीही पन्नासच राहिली.

निर्देशांकातील प्रत्येक कंपनीचा भाव, उलाढाल आणि घोषणा यांवर दररोज नजर ठेवणाऱ्या संगणकीय आज्ञावली दलालांच्या पेढ्या, म्युच्युअल फंड आणि काही हौशी गुंतवणूकदारही वापरतात. अशा आज्ञावलीची कसोटी या एका दिवसात लागते. कंपन्यांची यादी एकदा भरून ठेवलेली असेल, तर आज्ञावली 29 तारखेनंतरही बाहेर पडलेल्या पाच कंपन्या पाहत राहते आणि टीव्हीएससह पाच नव्या कंपन्या तिच्या नजरेतून सुटतात. पन्नास नावे आणि पन्नास भाव नेहमीप्रमाणे येत राहतात. त्यामुळे चूक झाल्याचे कोणतेही चिन्ह पडद्यावर दिसत नाही.

निफ्टी निर्देशांकांचा आढावा वर्षातून दोनदा घेतला जातो. जानेवारी आणि जुलै या महिन्यांच्या अखेरपर्यंतची आकडेवारी त्यासाठी विचारात घेतली जाते. बदल साधारणतः चार आठवडे आधी जाहीर होतात आणि मार्च व सप्टेंबरच्या अखेरीस अमलात येतात. म्हणजे प्रत्येक बदलाला घोषणेची आणि अंमलबजावणीची अशा दोन तारखा असतात. बहुतेक चुका या दोन तारखांची गल्लत झाल्याने होतात.

सर्वांत प्रचलित उपाय म्हणजे निर्देशांक कंपनीच्या संकेतस्थळावरील घटक कंपन्यांची फाईल दररोज उतरवून घेणे. निफ्टी नेक्स्ट 50 साठी या फाईलचे नाव `ind_niftynext50list.csv` असे आहे. तीत कंपनीचे नाव, उद्योग, बाजारातील चिन्ह, मालिका आणि आयएसआयएन क्रमांक असे स्तंभ असतात. तारखेचा स्तंभ मात्र नसतो. फाईल केवळ आजची स्थिती सांगते. ही कंपनी कधीपासून आहे किंवा कालपर्यंत कोण होते, हे तिच्यातून कळत नाही. आजची यादी घेऊन गेल्या पाच वर्षांचे निष्कर्ष तपासणाऱ्यांची तर दिशाभूलच होते, कारण ज्या कंपन्या घसरल्यामुळे बाहेर गेल्या त्या हिशेबातच येत नाहीत आणि निकाल प्रत्यक्षापेक्षा उजळ दिसतो.

म्हणून यादीऐवजी सदस्यत्वाच्या कालावधीचा तक्ता ठेवणे हा खरा मार्ग होय. कंपनी, निर्देशांक, प्रवेशाची तारीख आणि निर्गमनाची तारीख एवढे चार स्तंभ त्यासाठी पुरतात. कंपनी अद्याप निर्देशांकात असेल तर शेवटचा स्तंभ रिकामा राहतो. एखाद्या दिवशी कोणत्या कंपन्या पाहायच्या, हा प्रश्न मग तारखेसह विचारता येतो :

```sql
SELECT company_id FROM membership
WHERE index_code = 'NEXT50'
  AND from_date <= :d
  AND (to_date IS NULL OR :d < to_date);
```

शेवटच्या ओळीत `<=` नसून `<` आहे, याकडे लक्ष द्यावे. टीव्हीएसची प्रवेशाची तारीख आणि पेज इंडस्ट्रीजची निर्गमनाची तारीख तक्त्यात एकच, म्हणजे 29 सप्टेंबर 2023, लिहिली जाते. 28 तारखेसाठी विचारल्यास पेज मिळते, टीव्हीएस मिळत नाही. 29 तारखेसाठी नेमके उलट होते. निर्गमनाचा दिवसही सदस्यत्वात धरला असता, तर त्या एका दिवशी पंचावन्न कंपन्या झाल्या असत्या.

एकाच कंपनीच्या एकाहून अधिक ओळी असू शकतात, हा या तक्त्याचा मोठा लाभ आहे. श्रीराम फायनान्स सप्टेंबर 2023 मध्ये नेक्स्ट 50 मध्ये आली आणि सहाच महिन्यांनी, 28 मार्च 2024 रोजी, यूपीएलच्या जागी थेट निफ्टी 50 मध्ये गेली. नेक्स्ट 50 च्या दृष्टीने हे निर्गमन होते. बाहेर पडलेल्या कंपनीची सर्व माहिती पुसून टाकणारी आज्ञावली अशा वेळी श्रीरामच्या भावांचा इतिहास आणि तिच्यावर लावलेले इशारे पुसून टाकते. दुसऱ्या यादीत ती त्याच दिवशी नव्याने अवतरते, पण कोऱ्या पाटीसह. सदस्यत्व संपणे आणि देखरेख संपणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाहेर पडलेल्या कंपनीचा एखादा इशारा प्रलंबित असेल किंवा तिचे समभाग आपल्याकडे असतील, तर देखरेख चालू ठेवावी आणि ती कोणत्या कारणासाठी चालू आहे याची नोंद करावी.

अर्धवार्षिक आढाव्याच्या बाहेरही बदल होतात. एचडीएफसी ही गृहकर्ज कंपनी एचडीएफसी बँकेत विलीन झाल्यावर 13 जुलै 2023 रोजी तिची जागा एलटीआयमाइंडट्रीने घेतली. त्यानंतर आठवड्याभरातच याहून विलक्षण प्रसंग आला. रिलायन्स इंडस्ट्रीजमधून वित्तसेवांचा व्यवसाय वेगळा झाला. 20 जुलै रोजी बाजार उघडण्यापूर्वीच्या विशेष सत्रात रिलायन्सचा नवा भाव 2,580 रुपये ठरला. आदल्या दिवशीच्या 2,841.85 रुपयांच्या बंद भावातून तो वजा करून नव्या कंपनीचे मूल्य 261.85 रुपये धरण्यात आले आणि तिला निफ्टी 50 मध्ये स्थान मिळाले. निफ्टी 50 मध्ये त्या दिवसापासून एक्कावन्न कंपन्या होत्या.

पन्नास नावे नसतील तर काम थांबवायचे, असा नियम ज्या आज्ञावलीत लिहिलेला असेल, ती अशा दिवशी अडून बसते. नियम शिथिल केला तरी दुसरी अडचण उरते. जिओ फायनान्शियल सर्व्हिसेसची बाजारात नोंदणी 21 ऑगस्टला झाली. तोवर महिनाभर तिच्या समभागात एकही व्यवहार नव्हता आणि मूल्य 261.85 वर स्थिर होते. उलाढाल शून्य म्हणून इशारा देणारी आज्ञावली महिनाभर रोज तोच इशारा देत राहील. वास्तविक शून्य उलाढाल आणि व्यवहारच सुरू नसणे यांत फरक आहे. तक्त्यात कंपनीच्या स्थितीसाठी वेगळा स्तंभ ठेवला, तरच तो आज्ञावलीला कळू शकतो.

नोंदणीनंतर अल्पावधीतच ही कंपनी निर्देशांकातून काढली जाणार होती. परंतु भाव खालच्या मर्यादेला जाऊन अडकत राहिल्याने निर्गमन पुढे ढकलले गेले आणि अखेर 7 सप्टेंबर 2023 रोजी ती निफ्टीतून बाहेर पडली. जाहीर झालेली तारीखही बदलू शकते, हा यातील धडा. म्हणून भावी तारीख तक्त्यात लिहिताना ती 'जाहीर' अशी नोंदवावी आणि अंमलबजावणीच्या सकाळी पुन्हा पडताळावी. हीच कंपनी पुढे 28 मार्च 2024 रोजी नेक्स्ट 50 मध्ये आणि 28 मार्च 2025 रोजी पुन्हा निफ्टी 50 मध्ये आली. तिच्या खात्यावर आज तीन ओळी आहेत. 'पहिली तारीख' आणि 'शेवटची तारीख' असे प्रत्येक कंपनीमागे दोनच स्तंभ ठेवणाऱ्यांना या तीन ओळी मांडताच येणार नाहीत.

कंपनी ओळखायची कशावरून, हा यापुढचा प्रश्न आहे. बाजारातील चिन्हावर विसंबणे धोक्याचे असते. झोमॅटो 28 मार्च 2025 रोजी निफ्टी 50 मध्ये आली आणि पुढच्याच महिन्यात तिचे चिन्ह `ZOMATO` ऐवजी `ETERNAL` झाले. चिन्हांची तुलना करणाऱ्या आज्ञावलीला यात एक निर्गमन आणि एक प्रवेश दिसतो. प्रत्यक्षात काहीच बदललेले नसते. यावर आयएसआयएन क्रमांक वापरण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. नाव बदलले तरी तो टिकतो हे खरे. मात्र दर्शनी मूल्याचे विभाजन झाले की तोही बदलतो. श्रीराम फायनान्सने जानेवारी 2025 मध्ये दहा रुपयांच्या समभागाचे दोन रुपयांचे पाच समभाग केले, तेव्हा तिला नवा क्रमांक मिळाला. त्याच दिवशी भावही एक पंचमांश झाला आणि ज्या आज्ञावलीत जुने भाव त्या प्रमाणात सुधारून घेतले नव्हते, तिला ती ऐंशी टक्क्यांची घसरण वाटली असेल. यावर एकच भरवशाचा तोडगा आहे. प्रत्येक कंपनीला स्वतःचा अंतर्गत क्रमांक द्यावा आणि चिन्ह व आयएसआयएन हे दोन्ही तारखांसह त्याला जोडावेत. तो क्रमांक कधीही बदलू नये.

नव्या कंपनीची तयारी घोषणेच्या दिवशीच सुरू करणे इष्ट ठरते. वीस दिवसांच्या सरासरी उलाढालीशी तुलना करायची असेल, तर ते वीस दिवस प्रवेशापूर्वीचे असतात. टीव्हीएस अनेक वर्षे बाजारात असल्याने तिचा इतिहास घोषणेनंतर सहज भरून घेता येत होता. तो 29 सप्टेंबरपासून गोळा करू लागलेल्यांना ऑक्टोबरच्या अखेरपर्यंत सरासरीच मिळाली नसती. याशिवाय 28 सप्टेंबरचा दिवस वेगळा धरावा लागतो. निर्देशांकाचे अनुकरण करणारे फंड अंमलबजावणीच्या आदल्या दिवशी, बहुधा बाजार बंद होण्याच्या सुमारास, येणाऱ्या कंपन्या घेतात आणि जाणाऱ्या विकतात. त्या दिवशीची उलाढाल फुगलेली असते, पण तिच्यामागे कंपनीची कोणतीही बातमी नसते. अशा इशाऱ्यापुढे 'निर्देशांक बदल' असा शेरा आपोआप पडावा. इशारा दाबून टाकणे मात्र योग्य नाही, कारण खरी बातमीही त्याच दिवशी येऊ शकते.

उतरवलेल्या फाईलचे काम पडताळणीपुरते मर्यादित ठेवावे. संपर्क मध्येच तुटून फाईलमध्ये तीसच नावे आली, तर उरलेल्या वीस कंपन्या बाहेर पडल्या असे समजून त्यांची नोंद पुसणारी आज्ञावली एका रात्रीत मोठे नुकसान करते. केवळ संख्या मोजणेही पुरेसे नाही. सप्टेंबर 2023 मध्ये पाच आल्या, पाच गेल्या आणि संख्या तशीच राहिली. त्यामुळे दररोज सकाळी फाईलमधील नावे आणि तक्त्यातून मिळालेली नावे एकेक करून जुळवावीत. फरक आढळल्यास आज्ञावलीने तक्ता स्वतः बदलू नये. आदल्या दिवशीची यादी कायम ठेवून फरकातील नावे संबंधित व्यक्तीकडे पाठवावीत. त्या व्यक्तीने निर्देशांक कंपनीचे प्रसिद्धीपत्रक पाहून तारखेसह ओळ भरावी आणि मगच नवी यादी लागू व्हावी. वर्षातून मोजक्याच वेळा करावे लागणारे हे काम काही मिनिटांचे असते.