कोणत्याच रेषेचा नसलेला आकडा

१८८५ साली योहान याकोब बामर साठीला आले होते. स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहरात, मुलींच्या शाळेत ते गणित शिकवत. त्यांच्यापुढे चार आकडे होते. स्वीडनच्या अँगस्ट्रॉम यांनी मोजलेल्या, हायड्रोजनच्या चार दृश्य वर्णरेषांच्या तरंगलांब्या: आजच्या एककात ६५६.२, ४८६.१, ४३४.० आणि ४१०.१ नॅनोमीटर.

बामर यांना या चारींच्या मुळाशी एकच आकडा सापडला, ३६४.५६. त्याला ९/५ ने गुणले की पहिली रेषा मिळते, १६/१२ ने गुणले की दुसरी, २५/२१ ने तिसरी, ३६/३२ ने चौथी. वर ३, ४, ५, ६ यांचे वर्ग, खाली त्याच वर्गांतून ४ वजा. मला या हिशेबात खरे कुतूहल वाटते ते त्या मूळ आकड्याचे, कारण ३६४.५६ ला हायड्रोजनची एकही रेषा नाही. मग हा आकडा कशाचा?

उत्तरासाठी अठ्ठावीस वर्षे जावी लागली. १९१३ मध्ये नील्स बोर यांनी मांडले की हायड्रोजनमधल्या इलेक्ट्रॉनला ठरावीक ऊर्जापातळ्याच मिळतात. पातळीची ऊर्जा म्हणजे उणे १३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, भागिले पातळीच्या क्रमांकाचा वर्ग. दुसरी पातळी उणे ३.४० वर, चौथी उणे ०.८५ वर. चौथीवरून दुसरीवर येताना २.५५ इतकी ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते. १२४० ला या फरकाने भागले की तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये मिळते: ४८६.३. हीच बामर यांची दुसरी रेषा. वजाबाकी ऊर्जांची करायची, तरंगलांब्यांची नव्हे. ६५६ मधून ४८६ वजा करून हाती काहीच लागत नाही.

आता इलेक्ट्रॉन अधिकाधिक वरच्या पातळीवरून खाली येतो असे धरा. वरची ऊर्जा शून्याकडे सरकते, फरक ३.४० च्या जवळ जातो, पण त्यापलीकडे जात नाही. १२४० भागिले ३.४० म्हणजे ३६४.७. बामर यांचा आकडा तो हाच! रेषा एकमेकींना चिकटत जिथे थांबतात, ती श्रेणीची सीमा. ऊर्जा सर्वांत जास्त, म्हणून तरंगलांबी सर्वांत कमी. त्याच्याही आत गेले की इलेक्ट्रॉन अणूतून सुटलेला असतो, आणि सुट्या रेषांऐवजी सलग पट्टा दिसतो.

३६४.५६ आणि ३६४.७ यांतला फरक मुख्यतः हवेचा आहे. अँगस्ट्रॉम यांनी हवेत मोजले, आपला हिशेब निर्वाताचा. हवेत तरंगलांबी सुमारे ०.१ नॅनोमीटरने कमी भरते.

खालच्या चाराच्या जागी एक किंवा नऊ ठेवले तर आणखी श्रेणी निघतील, हे बामर यांनी तेव्हाच सुचवले होते. १८९८ मध्ये ते वारले. एक ठेवल्यावर येणारी श्रेणी लायमन यांना १९०६ पासून अतिनील प्रकाशात सापडत गेली. तिची सीमा ९१.२ नॅनोमीटर, म्हणजे बामर यांच्या आकड्याचा नेमका चौथा हिस्सा.