परदेशी पदवीची समकक्षता (भारत)

परदेशी पदवीची समकक्षता म्हणजे परदेशातील विद्यापीठाने दिलेली पदवी भारतातील त्याच स्तरावरील पदवीच्या तोडीची आहे, असा अधिकृत निर्वाळा होय. शासकीय नोकरीच्या जाहिरातीत 'पदवी किंवा समकक्ष अर्हता' अशी अट असते, तेव्हा परदेशात शिकलेल्या उमेदवाराला हा निर्वाळा प्रमाणपत्राच्या रूपाने सादर करावा लागतो. मान्यता आणि समकक्षता या दोन वेगळ्या बाबी आहेत. विद्यापीठ त्याच्या देशात मान्यताप्राप्त असणे ही पहिली पायरी असून, तेवढ्याने तेथील पदवी भारतीय पदवीच्या बरोबरीची ठरत नाही.

पार्श्वभूमी

1925 मध्ये आंतरविद्यापीठ मंडळ म्हणून सुरू झालेली भारतीय विद्यापीठ संघ ही संस्था अनेक दशके हे काम करीत आली. या संघाने समकक्ष ठरवलेल्या परदेशी अर्हता केंद्र शासनाच्या नोकऱ्यांसाठी ग्राह्य मानाव्यात, असे केंद्र शासनाने 1995 च्या अधिसूचनेने ठरवले. एप्रिल 2025 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने या विषयावर स्वतंत्र विनियम अधिसूचित केले आणि आयोगाच्या संकेतस्थळावरून अर्ज स्वीकारून प्रमाणपत्र देण्याची व्यवस्था उभी केली.

निकष

आयोगाच्या विनियमांनुसार पदवी देणारी संस्था स्वदेशात विधिवत मान्यताप्राप्त असावी, अभ्यासक्रम नियमित वर्गशिक्षणाने पूर्ण केलेला असावा आणि त्याच्या प्रवेशाची पात्रता भारतातील तशाच अभ्यासक्रमाच्या प्रवेशपात्रतेशी मिळतीजुळती असावी. मूळ विद्यापीठाचे केवळ नाव वापरून अन्य संस्थेने चालवलेल्या, म्हणजे फ्रँचायझी पद्धतीच्या अभ्यासक्रमाला समकक्षता मिळत नाही. वैद्यक, औषधनिर्माण, परिचर्या, विधी आणि वास्तुशास्त्र यांसारखे विषय या विनियमांच्या कक्षेबाहेर आहेत. तेथे संबंधित वैधानिक परिषदेचे नियम लागू होतात.

कार्यपद्धती

अर्जदार पदवी प्रमाणपत्र, सर्व सत्रांच्या गुणपत्रिका आणि त्यापूर्वीच्या शिक्षणाची प्रमाणपत्रे ऑनलाइन सादर करतो. प्रत्यक्ष परदेशात राहून शिक्षण घेतले हे दाखवण्यासाठी पारपत्र व व्हिसाची पानेही जपून ठेवणे हिताचे असते. कागदपत्रे इंग्रजीत नसल्यास प्रमाणित भाषांतर जोडावे लागते. आयोगाची स्थायी समिती अर्ज तपासून शिफारस करते आणि तिच्या आधारे आयोग निर्णय घेतो. अर्ज फेटाळला गेल्यास पुनर्विलोकनाची मागणी करता येते.

एक उदाहरण

पुणे येथून तीन वर्षांची बी. ए. पदवी घेतलेल्या आणि नंतर ब्रिटनमधील विद्यापीठातून एका वर्षात अर्थशास्त्राची एम. ए. झालेल्या उमेदवाराला महाविद्यालयात सहायक प्राध्यापक व्हायचे आहे, असे समजू. भारतातील एम. ए. परंपरेने दोन वर्षांची असल्याने ब्रिटनची एकवर्षीय पदवी पूर्वी कालावधीच्या मुद्द्यावर अडत असे. जुलै 2022 मध्ये भारत व ब्रिटन यांच्यात शैक्षणिक अर्हतांच्या परस्पर मान्यतेचा सामंजस्य करार झाला आणि अशा पदवीसाठी मार्ग मोकळा झाला. अभियांत्रिकी, वैद्यक, औषधनिर्माण, विधी आणि वास्तुशास्त्र या व्यावसायिक पदव्या या कराराबाहेर आहेत. अर्थशास्त्राच्या एम. ए.ला ही अडचण येत नाही.

समकक्षता मिळाल्यानंतर दुसरा प्रश्न गुणांचा उरतो. या पदासाठी आयोगाच्या 2018 च्या विनियमांनुसार पदव्युत्तर पदवीत किमान 55 टक्के गुण किंवा समतुल्य श्रेणी आवश्यक असते. ब्रिटनमध्ये पदव्युत्तर स्तरावर साधारणपणे 50 गुणांना उत्तीर्ण, 60 ला 'मेरिट' आणि 70 ला 'डिस्टिंक्शन' मानले जाते. त्यामुळे 53 गुणांची पदवी तेथे रीतसर उत्तीर्ण असली, तरी आकडा जसाच्या तसा वाचल्यास उमेदवार येथे अपात्र ठरू शकतो. समकक्षता पदवीच्या स्तराविषयी असते, गुणांच्या रूपांतराविषयी नव्हे. म्हणून विद्यापीठाकडून श्रेणीपद्धती स्पष्ट करणारे अधिकृत पत्र आधीच मागवून अर्जासोबत जोडणे इष्ट ठरते. शिवाय राष्ट्रीय पात्रता परीक्षा अथवा तत्सम अट असल्यास ती वेगळी पूर्ण करावी लागते.

मर्यादा

समकक्षता प्रमाणपत्र म्हणजे नोकरीचा हक्क नव्हे. पदाला हवा असलेला विषय आणि उमेदवाराचा विषय जुळतो की नाही, हे नियुक्ती करणारी संस्था ठरवते. जाहूर अहमद राथर प्रकरणात (2018) सर्वोच्च न्यायालयानेही अर्हतेची समकक्षता ठरवणे हे न्यायिक पुनर्विलोकनाचे काम नसून ती बाब नियोक्ता म्हणून राज्याने ठरवायची आहे, असे नमूद केले. अर्हता सामान्यतः जाहिरातीत दिलेल्या अंतिम दिनांकापर्यंत धारण केलेली असावी लागते. त्यामुळे निवड झाल्यावर नव्हे, तर परदेशातून परतताच समकक्षतेचा अर्ज करणारा उमेदवार कागदपत्र पडताळणीच्या वेळी अडचणीत येत नाही.