आषाढी एकादशी

आषाढ शुद्ध एकादशीला केला जाणारा विष्णूचा उपवास. हीच देवशयनी एकादशी असून या दिवसापासून चातुर्मास सुरू होतो. व्रत तीन दिवसांत विभागलेले असते: दशमीला एकभुक्त, एकादशीला धान्य व कडधान्य वर्ज्य, द्वादशीला पारणे. दशमीचा वेध असेल तर स्मार्त व भागवत अशा दोन एकादश्या येतात. वारकरी भागवत एकादशी पाळतात.

काही जण निर्जळ राहतात, काही फक्त फळे-दूध घेतात. बहुसंख्य मराठी घरांत साबुदाण्याची खिचडी, वरीचा भात आणि दाण्याची आमटी असते. जिरे व कोथिंबीर चालते की नाही, यावर मात्र घरोघरी मतभेद आहेत.

साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यामुळे मधुमेहींची साखर झपाट्याने चढते. उलट औषध घेऊन उपाशी राहिल्यास ती घसरते. समजा, सकाळी नेहमीची इन्सुलिनची मात्रा घेऊन कोणी फक्त चहावर राहिले आणि दुपारी हात थरथरू लागले, घाम फुटला, साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली आली, तर लगेच साखरपाणी द्यावे व उपवास सोडावा. औषधाचे प्रमाण डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्यावे.

दुसरा धोका भगरीचा. दमट हवेत तिच्यावर बुरशी वाढून विषद्रव्ये तयार होतात, ती शिजवूनही जात नाहीत. उलट्या, चक्कर, थरथर ही विषबाधेची लक्षणे. सुटी भगर वा तिचे तयार पीठ टाळून पाकीटबंद, मुदतीतली भगर घ्यावी व पीठ लागेल तेवढेच दळावे.