'परे तु' म्हणजे मी

सहा वर्षांपूर्वी एका संशोधन-त्रैमासिकात मी दोन पानांचे टिपण छापले. ज्यांच्या पुस्तकांवर मी मोडी आणि कालगणना शिकलो, त्या एका ज्येष्ठ अभ्यासकांनी पेशवाईतल्या एका पत्राला दिलेली तारीख मला चुकीची वाटत होती. टिपणात मी लिहिले होते : "सरांनी दिलेल्या तारखेचा पुन्हा एकदा विचार करता येईल का, अशी एक शंका मनात डोकावून जाते." या वाक्यावर मी खूश होतो. वर्षभराने एका लेखात जुनीच तारीख आली आणि तिला आधार म्हणून सरांच्या पुस्तकाबरोबर माझ्या टिपणाचाही उल्लेख आला. त्या लेखकाला मी दोष देत नाही. माझे वाक्य वाचून मी सरांच्या बाजूचा की विरुद्ध, हे कोणालाच कळले नसते.

मुद्दा साधा होता. छापील पाठानुसार पत्रावर 'छ ९ रजब, सन सलास सितैन मया व अलफ' असा काळ आहे. सलास म्हणजे तीन, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. म्हणजे सुहूर सन ११६३. सुहूर सनात ५९९ मिळवले की इसवी सन येतो, असे आपण पाठ करतो. सरांनी तसेच केले आणि १७६२ चा जानेवारी धरला. पण सुहूर सन मृगाला बदलतो. मे-जूनच्या संधीपासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. महिना मात्र हिजरी, चांद्र. तो दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो, म्हणून तो कोणत्या ऋतूत पडला हे दर वेळी ताडून पाहावे लागते. सुहूर ११६३ मधला रजब हा हिजरी ११७६ चा, आणि तो १७६३ च्या जानेवारीच्या मध्यावर लागतो. तेव्हा पत्र जानेवारी १७६३ च्या अखेरीचे. चूक बरोबर एका वर्षाची.

ते वर्ष महत्त्वाचे आहे. पत्रात एक वतनदार 'दादासाहेबांच्या हुकमा'वरून वागल्याचे सांगतो, माधवरावांचे नावही घेत नाही. यावरून सरांनी अनुमान काढले, की १७६२ च्या आरंभीच चुलत्या-पुतण्याची फूट गावपातळीला पोचली होती. पण नोव्हेंबर १७६२ मध्ये आळेगावला माधवराव रघुनाथरावांच्या स्वाधीन झाले, आणि पुढचे काही महिने कारभार दादांच्याच हाती होता. जानेवारी १७६३ मध्ये वतनदाराने दादांचा हुकूम मानला, यात फुटीचा पुरावा नाही. तो नेहमीचा कारभार झाला.

इतके स्पष्ट असलेले मी 'शंका डोकावते' असे का लिहिले? भीड हे एक कारण. पण भीड ठेवूनही स्पष्ट लिहिण्याची भाषा माझ्याकडे नव्हती, हे दुसरे. ती मला अनपेक्षित ठिकाणी सापडली : काशीच्या वैयाकरणांत.

सोळाव्या-सतराव्या शतकांच्या संधिकाळात भट्टोजी दीक्षितांनी 'प्रौढमनोरमे'त आपले गुरू शेषकृष्ण यांची मते खोडली. शास्त्रात मत खोडायची एक ठरलेली रीत आहे : 'यत्तु' म्हणून मत सांगायचे आणि 'तन्न' म्हणून ते नाकारायचे. नाव घेतले नाही, तरी काशीत कोणाचे मत हे सगळ्यांना कळत असे. शेष घराण्याला ते लागले. शेषकृष्णांच्या मुलाचा शिष्य जगन्नाथ पंडित याने उत्तर लिहिले आणि त्यात भट्टोजींना गुरुद्रोही ठरवले. ग्रंथाला त्याने जे नाव दिले, 'मनोरमाकुचमर्दन', ते आजही वर्गात उच्चारताना शिक्षक खाकरतात. गंमत अशी, की त्या ग्रंथात व्याकरणाचे खरे आक्षेपही आहेत. पण लोकांच्या लक्षात राहिले ते नाव.

याच भट्टोजींच्या नातवाचा, हरिदीक्षितांचा, शिष्य नागेशभट्ट काळे. भट्टोजी त्याच्या गुरूचे आजोबा. तरीही भट्टोजींच्या 'सिद्धान्तकौमुदी'वर टीका लिहिताना तो जागोजागी त्यांच्याहून वेगळे मत देतो. त्याची एक लकब पाठशाळेत मुद्दाम सांगतात. भट्टोजींचे मत मांडून झाले, की तो 'परे तु' म्हणतो, म्हणजे 'दुसरे मात्र असे म्हणतात'. आणि ते दुसरे म्हणजे बहुधा नागेश स्वतः. ज्याला खूण ठाऊक आहे, त्याला यात जराही संदिग्धता नाही. 'चिन्त्यम्' हाही असाच शब्द. अर्थ 'विचार करण्याजोगे', पण टीकाकार तो वापरतो तेव्हा वाचणारा समजतो, की हे टिकत नाही. आणि याच नागेशाने जगन्नाथाच्या 'रसगंगाधरा'वरही टीका लिहिली, म्हणजे आपल्या परंपरेला शिव्या घालणाऱ्याच्या ग्रंथावर.

माझ्या 'शंका डोकावते'त आणि 'चिन्त्यम्'मध्ये फरक हा, की काशीच्या वाचकाला त्या सौम्य शब्दाचे वजन माहीत होते. मराठी मासिकाच्या वाचकाशी माझा असा कोणताही करार नाही. त्याच्यासाठी 'विचार करता येईल' म्हणजे नाही केला तरी चालेल. त्यामुळे नागेशाचे शब्द उचलून उपयोग नव्हता. सौम्यपणा कुठे ठेवायचा, एवढेच त्याच्याकडून घेता आले. तो माणसाभोवती असतो, मताभोवती नसतो.

दुसरे टिपण मी असे लिहिले : "हे पत्र जानेवारी १७६३ चे आहे. पुस्तकात ते १७६२ चे धरले आहे, कारण तेथे सुहूर सनात ५९९ मिळवले आहेत. रजब मृगाआधी येत असल्याने येथे ६०० हवेत. ही रीत मी सरांच्याच पुस्तकातून शिकलो." पहिल्या वाक्यात कोणाचे नाव नाही. दुसऱ्यात माणूस नाही, 'पुस्तक' आहे, आणि चुकीचे कारण असे दिले आहे जे कोणाच्याही हातून घडावे. ते कारण खरे होते म्हणूनच दिले. नसलेली सबब पुरवणे मला अपमानास्पद वाटते. चौथ्या वाक्यातले ऋण ठरावीक आहे, पान दाखवता येईल असे. 'ऋषितुल्य', 'आम्हा सर्वांचे दीपस्तंभ' वगैरे मी काढून टाकले. अशा विशेषणांनंतर 'परंतु' येणार, हे वाचकाला लांबून दिसते. फूट गावापर्यंत पोचल्याचा सरांचा मुद्दा त्यांनी दिलेल्या इतर दोन पत्रांवर उभा राहू शकतो, हेही मी लिहिले. तसे लिहिणे भाग होते, ती पत्रे ऑगस्ट १७६२ नंतरचीच आहेत.

सरांचे पत्र आले, हाताने लिहिलेले. ६०० मान्य, असे पहिल्याच ओळीत. मग एक प्रश्न : मूळ कागद पाहिलात का? मोडीत रबिलावल 'र॥वल' असा तोडून लिहितात. नक्कल करणाऱ्याने घाईत तो 'रजब' वाचला असेल तर? रबिलावल धरला तर तारीख सप्टेंबर १७६२ च्या अखेरीस जाते. तेथे ५९९ बरोबर, वर्ष १७६२ बरोबर, आणि पत्र आळेगावच्या आधीचे.

मी छापील पाठावरच विसंबलो होतो. "हे पत्र जानेवारी १७६३ चे आहे" या ठाम वाक्यात "छापील पाठ बरोबर असल्यास" हे चार शब्द हवे होते, आणि ते सरांसाठी नव्हे, कागदासाठी. दिवाळीची सुट्टी संपून दफ्तरखाना उघडला, की रुमाल सोडून पाहायचा अर्ज मी करणार आहे.