पाळी, शुगर आणि सरासरीत हरवलेल्या सात जणी

कामशेतहून पवन मावळात आत गेलात आणि इन्सुलिन घेणाऱ्या एखाद्या ताईंना विचारलंत, "पाळीच्या आधी शुगर वाढते का हो?" तर उत्तर साधारण असं मिळतं : "आधीचे चार-पाच दिवस काहीही खा, वाढलेलीच. आणि पाळी आली की एकदम उतरते, घाम फुटतो." दुसऱ्या ताई म्हणतील, "छे, मला काही फरक नाही." आता सांगा, यातलं खरं कोणाचं? दोघींचंही. पण संशोधनाला हे नीट मांडायला पन्नास वर्षं लागली.

पाळीचा आणि मधुमेहाचा संबंध सांगणारा क्रेमर यांचा लेख कॅनडाच्या वैद्यकीय नियतकालिकात 1942 साली आला. तेव्हा घरी रक्त तपासायची सोय नव्हती, लघवीतली साखर बघायची. साधारणपणे रक्तातली शुगर 180 च्या वर गेल्यावरच ती लघवीत उतरते. म्हणजे 110 वरून 160 झाली तरी कागदावर काहीच नाही. आणि उतरलेली शुगर तर दिसायचीच नाही.

मग 1977 मध्ये बर्मिंगहॅमच्या वॉल्श आणि मालिन्स यांनी सरळ 200 मधुमेही स्त्रियांना विचारलं. 38 टक्के म्हणाल्या, पाळीच्या सुमारास बदल होतो. पण सगळ्यांचा बदल एकाच बाजूचा नव्हता : बऱ्याच जणींची शुगर वाढायची, काहींची उतरायची. तुम्ही या 200 जणींची सरासरी काढली असती, तर वाढ आणि उतार एकमेकांना खाऊन टाकणार होते.

नेमकं हेच 1992 मध्ये विडम आणि सहकाऱ्यांपुढे आलं. त्यांनी टाइप 1 मधुमेहाच्या 16 स्त्रियांवर 'क्लॅम्प' केला. यात शिरेतून इन्सुलिन देतात आणि शुगर ठरलेल्या पातळीवर धरून ठेवायला किती ग्लुकोज ओतावं लागतं ते मोजतात. कमी लागलं, तर शरीर इन्सुलिनला दाद देत नाही असं समजायचं. पाळीनंतरचा काळ आणि पाळीआधीचा काळ, दोन्हींत मोजलं. सोळा जणींची सरासरी? फरक नाही. इथे पेपर संपवता आला असता. पण त्यांनी पाळीआधी शुगर बिघडणाऱ्या सात जणी वेगळ्या काढल्या, आणि त्यांच्यात ग्लुकोज खरोखरच कमी वापरलं जात होतं. त्यांच्यात इस्ट्रोजेनची वाढही जास्त होती. स्त्रीबीज सुटल्यावर प्रोजेस्टेरॉन वाढतं आणि इन्सुलिनचा परिणाम मंदावतो, हे नेहमीचं स्पष्टीकरण. ते चुकीचं नाही, पण एकट्याने पुरत नाही.

आता हे मावळात मोजायचं म्हटलं तर? एक काल्पनिक उदाहरण घेऊ. तीस दिवसांचं चक्र, रात्री लांब पल्ल्याचं इन्सुलिन 16 युनिट. सकाळची उपाशीपोटी शुगर 115 ते 130. चोविसाव्या दिवसापासून तीच 175 ते 190, आणि पाळीच्या दुसऱ्या दिवशी परत 120. डॉक्टर अशा वेळी ते चार-सहा दिवस 18 युनिट देऊन बघतात. धोका वाढवण्यापेक्षा कमी करायला विसरण्यात जास्त : पाळी आल्यावरही 18 चालू राहिले, तर पहाटे तीनला शुगर 60 वर येऊ शकते. आणि ताई दिवसातून दोनदा मिक्स इन्सुलिन घेत असतील, तर रात्रीचं तेवढं वाढवताच येत नाही, सोबतचं जलद इन्सुलिनही वाढतं.

पण एका महिन्यावरून 'पाळीमुळे' असं लिहू नका. किमान तीन चक्रं बघा, कारण त्याच आठवड्यात भातलावणी आली तर दिवसभर चिखलात वाकून शुगर उतरते आणि पाळीआधीची वाढ झाकली जाते. उलट ताप आला किंवा एखादा डोस चुकला की ती नसताना दिसते. तारखांचंही तसंच. "एकादशीच्या दुसऱ्या दिवशी आली" हे उत्तर मला कॅलेंडरपेक्षा पक्कं वाटतं, पण एकादशीला साबुदाणा आणि बटाटाही असतो, तो वहीत वेगळा लिहायलाच हवा.

शेवटी मोजणी. "एकविसावा दिवस म्हणजे पाळीआधीचा काळ" असं प्रश्नावलीत आधीच छापू नका. स्त्रीबीज सुटल्यापासून पाळीपर्यंतचा काळ साधारण दोन आठवड्यांचा असतो, लांबतो तो बहुधा आधीचा भाग. चक्र 35 दिवसांचं झालं, तर एकविसाव्या दिवशी बीज जेमतेम सुटत असतं. म्हणून पुढची पाळी येऊ द्या आणि तिथून मागे मोजा. माझ्या पहिल्या तक्त्यात मी पुढेच मोजत गेलो होतो, तो सगळा तक्ता पुन्हा भरावा लागला.